महागडं रेन जॅकेट घ्यावं का? वर्षातून चार-सहा वेळाच डोंगरात जाणाऱ्यांसाठी

डोंगरात जायचं सामान घ्यायला गेलं की दोन जॅकेटं शेजारी-शेजारी टांगलेली दिसतात. एकाची किंमत दुसऱ्याच्या पाचपट. दोन्हींच्या चिठ्ठीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं, दोन्हींना टोपी, दोन्हींचा रंग छान. विक्रेता महागड्याकडे बोट दाखवतो आणि सोबतचा अनुभवी मित्र म्हणतो, 'घ्यायचं तर चांगलंच घे, एकदाच घे.' हा सल्ला दर शनिवार-रविवार डोंगरात असणाऱ्या माणसासाठी बरोबर असतो. वर्षातून चार-सहा वेळा जाणाऱ्याचं गणित वेगळं आहे. ते वेगळं का, हे रेन जॅकेटवरून सगळ्यात चांगलं कळतं, कारण डोंगरातल्या कपड्यांत किंमतीची दरी इथेच सगळ्यात मोठी आहे आणि गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त आहेत.

आधी निष्कर्ष सांगून टाकतो. पाणी बाहेर थोपवणं हे काम आज स्वस्तात होतं. जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी: आतला घाम बाहेर जाऊ देणं, आणि वर्षानुवर्षांची घासाघीस सोसणं. यातली दुसरी गोष्ट कधीमधी जाणाऱ्याच्या उपयोगाची नाही, कारण तो जॅकेट घासून संपवतच नाही. पहिलीचा उपयोग तो कुठे आणि कसा चालतो यावर ठरतो.

पाणी अडवायला किती लागतं?

कापड किती पाणी अडवतं हे मोजायची रीत साधी आहे. कापडाचा तुकडा ताणून धरतात, त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तिसरा थेंब दिसला की थांबतात. तेवढा दाब द्यायला पाण्याचा किती उंच स्तंभ लागला असता, तो आकडा मिलिमीटरमध्ये चिठ्ठीवर छापतात. १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो भार.

आता जॅकेटवर खरोखर किती दाब येतो ते बघू. १० किलोची सॅक पाठीवर आहे आणि तिचं सगळं ओझं दोन पट्ट्यांमधून खांद्यावर आणि छातीवर उतरतं असं धरू. दोन्ही पट्ट्या मिळून अंगाला टेकलेली जागा ३०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३३ ग्रॅम, किंवा चिठ्ठीच्या भाषेत सुमारे ३३० मिलिमीटर. पट्टीची कड रुतते आणि चालताना हिसके बसतात म्हणून हा दाब दहापट धरला, तरी साडेतीन हजारांच्या आतच राहतो. १०,००० चा आकडा ओलांडायचा तर ओल्या जमिनीवर गुडघे टेकून, सगळं वजन त्यांच्यावर टाकून बसावं लागेल, आणि गुडघ्यांवर जॅकेट नसतं.

त्यामुळे १०,००० आणि २८,००० यांतला फरक दुकानात मोठा दिसला तरी पावसात जाणवत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. हा आकडा कोऱ्या कापडाचा असतो. सॅकच्या पट्ट्यांखाली कापड तासन्‌तास घासलं जातं, आतला लेप तिथे झिजतो आणि स्वस्त जॅकेट पहिल्यांदा खांद्यावरच गळायला लागतं. महाग जॅकेटचं वरचं कापड जाड आणि घट्ट विणीचं असतं, पाणी अडवणारा पापुद्रा वरचं कापड आणि आतलं पातळ जाळीदार अस्तर यांच्यामध्ये सुरक्षित बसवलेला असतो. यालाच तीन थरांचं जॅकेट म्हणतात. स्वस्त जॅकेटात बहुधा कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असतो आणि तो उघडाच असतो. रोज वापरलं तर फरक एका हंगामात कळतो. वर्षातून सहा दिवस वापरलं तर खांदा घासून गळायच्या आधी भलतीच गोष्ट घडते. तिच्याकडे पुढे येतोच.

खरं पाणी शिरतं कुठून?

कापडातून क्वचितच. पाणी शिरतं ते शिवणीतून, चेनमधून, गळ्यातून आणि मनगटातून.

शिवण म्हणजे सुईने पाडलेल्या भोकांची रांग. ती भोकं बुजवायला आतून पट्टी चिकटवतात. सगळ्या शिवणींवर पट्टी असेल तर ठीक. पण काही स्वस्त जॅकेटांत फक्त खांद्यावरच्या आणि टोपीच्या शिवणींना पट्टी असते, बगलेखालच्या आणि बाजूच्या शिवणी उघड्या सोडलेल्या असतात. चिठ्ठीवर हे आडवळणाने लिहिलेलं असतं. जॅकेट उलटं करून बघितलं की अर्ध्या मिनिटात कळतं. स्वस्त जॅकेट घेताना एकच गोष्ट तपासणार असाल तर ही तपासा. कापडाचा आकडा बघू नका, शिवणी बघा.

दुसरी गोष्ट टोपी. पैसे कुठे वाचवले ते टोपीवरून ओळखता येतं, कारण चांगली टोपी शिवायला कापडाचे जास्त तुकडे लागतात आणि कारागिराचा वेळ जातो. टोपी घालून चेन हनुवटीपर्यंत लावा आणि मान डावीकडे वळवा. टोपी डोक्याबरोबर वळली तर उत्तम. डोकं वळलं आणि टोपी जागेवरच राहिली, म्हणजे तुम्ही आता टोपीचं अस्तर बघताय, तर वाऱ्यापावसात तुम्ही ती मागे ढकलणार आणि पाणी गळ्यातून आत शिरणार. मागच्या बाजूला आवळायची दोरी आणि कपाळावर थोडी ताठ कड असेल तर स्वस्त जॅकेटचीही टोपी नीट चालते. मग दोन्ही हात डोक्यावर न्या. बाही मनगटावरून कोपराकडे सरकली आणि जॅकेट कमरेवरून वर गेलं तर काठी टेकत चालताना किंवा खडक धरून चढताना तेच होणार.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत असेपर्यंत, एक चाचणी जरूर करा. आत फिक्या राखाडी रंगाचा सुती टी-शर्ट घाला, वर जॅकेट, आणि शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा. त्यातलं एखादं मिनिट हात वर करून, एखादं मिनिट पुढे वाकून, थोडा वेळ पाण्याकडे तोंड करून. मग जॅकेट उतरवून आरशासमोर बघा. राखाडी सुती कापडावर पाण्याचा थेंबसुद्धा गडद डाग पाडतो. छातीवर मधोमध उभी रेघ असेल तर चेन गळतेय. गळ्याभोवती डाग म्हणजे टोपी. खांद्यावर सरळ रेषेत डाग म्हणजे शिवणीची पट्टी. बाहीचं टोक भिजलं असेल तर मनगटाची पट्टी नीट आवळली जात नाही. उभं राहून घाम येत नाही, त्यामुळे इथे दिसलेला प्रत्येक डाग बाहेरच्या पाण्याचा असतो. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण डोंगरात भिजल्यावर पाणी आतलं की बाहेरचं हेच कळत नाही, आणि लोक महागडं जॅकेट घेतात ते बहुतेक वेळा याच गोंधळातून.

घाम

सॅक घेऊन चढ चढताना माणूस तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज गाळतो. त्यातला साधारण निम्मा जॅकेटच्या आत येतो असं धरा, म्हणजे पाव ते अर्धा लिटर. तो वाफ होऊन बाहेर गेला नाही तर आतून भिजवतो. पाठ, दंड आणि छाती सारखीच ओली, शिवण किंवा चेनशी काही संबंध नाही, असं दिसलं तर तो घाम समजा. 'जॅकेट गळतं' या तक्रारींतल्या पुष्कळशा प्रत्यक्षात घामाच्याच असतात.

यावरचा उपाय म्हणूनच महागडी जॅकेटं जन्माला आली. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, या प्लास्टिकची गरम कांडी झटक्यात ताणली आणि ती फुटायच्या ऐवजी लांबच लांब ताणली गेली. असंख्य बारीक छिद्रं असलेला पदार्थ तयार झाला. छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा फारच लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा कितीतरी मोठी. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. त्यातून निघालेलं गोर-टेक्स १९७६ पासून बाजारात आहे. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली, आणि आज याच तत्त्वावरचे किंवा वेगळ्या रीतीने तेच काम करणारे पापुद्रे बऱ्याच कंपन्या बनवतात. पॅटागोनियासारखी मोठी कंपनीसुद्धा आपल्या काही जॅकेटांत एचटूनो नावाचा स्वतःचा पापुद्रा वापरते. म्हणजे बाहीवर प्रसिद्ध पापुद्र्याचं नाव नसणं हा दोष नव्हे.

वाफ किती जाते याचाही आकडा चिठ्ठीवर असतो: एका चौरस मीटरमधून चोवीस तासांत इतके ग्रॅम. १०,००० ग्रॅम म्हणजे तासाला सुमारे ४१७ ग्रॅम. जॅकेटचं कापड अंगाला साधारण एक चौरस मीटर झाकतं, म्हणजे कागदावर हिशेब जुळतो. पावसात मात्र तो जुळत नाही, आणि याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण चाचणीतच आहे. हा आकडा काढायच्या अनेक रीती आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. जपानी प्रमाणातली एक लोकप्रिय रीत अशी: कापडाच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ओल अधाशासारखी शोषून घेणाऱ्या क्षाराचं द्रावण. त्यात वाफ जोरात ओढली जाते आणि आकडा फुगतो. पावसाळी हवा काही ओल शोषत नाही. त्यामुळे दोन कंपन्यांचे ग्रॅमचे आकडे शेजारी ठेवून फारसं काही हाती लागत नाही. 'आरईटी', म्हणजे कापड वाफेला किती अडवतं याचा आकडा, दिला असेल तर तो जास्त भरवशाचा. तो जितका कमी तितका चांगला: ६ च्या खाली उत्तम, २० च्या वर गेला की घामट.

दुसरं कारण हवामान, आणि खरेदीचा निर्णय बऱ्याच अंशी इथेच होतो. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबाच्या फरकामुळे. घामेजलेल्या ३४ अंशांच्या त्वचेजवळ हा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. बाहेर ५ अंश आणि पाऊस असेल तर तिथे जेमतेम ०.९. फरक ४.४. बाहेर २५ अंश आणि पाऊस असेल तर तिथे ३.२, म्हणजे फरक २.१. उबदार पावसात वाफेला बाहेर ढकलणारा जोरच निम्मा होतो. जगातला कितीही उत्तम पापुद्रा घ्या, हा जोर तो वाढवू शकत नाही. थंडीत जोर जास्त असतो खरा, पण तिथे गार कापडाच्या आतल्या बाजूवर वाफेचं पाणी होऊन बसतं, म्हणजे तिथेही शंभर टक्के सुटका नाहीच.

यातून निघणारी गोष्ट कंपन्यांच्या जाहिरातींत सापडणार नाही. उबदार, दमट पावसात महागड्या जॅकेटचा मुख्य फायदा फार थोडा उरतो. तिथे बगलेखालच्या चेन जास्त कामाच्या असतात, कारण त्यातून घामट हवा सरळ बाहेर पडते, पापुद्र्यातून गाळून जायची वाट बघत नाही. बगलेला चेन असलेलं मध्यम जॅकेट हे चेन नसलेल्या महाग जॅकेटपेक्षा उबदार पावसात सरस ठरतं, असं माझं ठाम मत आहे. सपाटीवर सावकाश चालणार असाल तर छत्रीचीसुद्धा लाज वाटू देऊ नका.

आणखी एक स्वस्त युक्ती. लेपाच्या जॅकेटचं आतलं अंग उघड्या दंडाला चिकटतं आणि ते स्पर्शालाच ओलं, किळसवाणं वाटतं. आत पातळ, लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला की निम्मी तक्रार मिटते. तीन थरांच्या जॅकेटचं अस्तर हेच काम करतं, फक्त तुम्ही त्याचे वेगळे पैसे मोजता.

महागडंही भिजतं तेव्हा

महाग जॅकेट घेतलेल्या माणसाचा दोन वर्षांनी भ्रमनिरास होतो, तोही याच घामाशी जोडलेला आहे. नव्या जॅकेटवर पाणी पडलं की मोत्यांसारखे थेंब होऊन ओघळतं. ही करामत पापुद्र्याची नसते, वरच्या कापडावर दिलेल्या पाणी झटकणाऱ्या मुलाम्याची असते. धूळ, अंगाचं तेल, सनस्क्रीन आणि घासणं यांनी तो मुलामा निकामी होतो. मग वरचं कापड पाणी पितं, गडद होतं, जड होतं. आतला पापुद्रा तरीही पाणी अडवतोच, पण बाहेर पाण्याचा थर बसल्यावर वाफ जायला वाट उरत नाही. आत घाम साचतो आणि अंगाला गार कापड लागतं. माणूस म्हणतो, इतकं महागडं आणि गळायला लागलं.

उपाय म्हणजे धुणं. बरेच जण महाग जॅकेट खराब होईल म्हणून धुतच नाहीत, आणि त्यामुळेच ते खराब होतं. सौम्य द्रव साबणाने, कापड मऊ करणारं द्रव्य अजिबात न वापरता धुवायचं, भरपूर पाण्यात खळबळायचं, आणि आतल्या चिठ्ठीवर परवानगी असेल तर कमी तापमानावर ड्रायरमध्ये वीसेक मिनिटं फिरवायचं. उष्णतेने मुलामा पुन्हा उभा राहतो. तरीही थेंब ओघळत नसेल तर बाटलीत मिळणारा नवा मुलामा द्यायचा. गेल्या काही वर्षांत हे काम जास्त वेळा करावं लागतं, कारण जुने मुलामे ज्या फ्लोरिनयुक्त रसायनांचे होते ती बंद होत चालली आहेत. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कपड्यांत त्यांना बंदी आहे, अतिपावसातल्या खास कपड्यांना तेवढी २०२८ पर्यंत मुदत दिली आहे. गोर कंपनीनेही २०२२ पासून फ्लोरिनरहित पापुद्रा आणला. नवे मुलामे पाणी छान झटकतात, तेल मात्र तितकं झटकत नाहीत, म्हणून लवकर मळतात. थोडक्यात, न धुतलेलं महाग जॅकेट आणि धुतलेलं मध्यम जॅकेट यांत दुसरं कोरडं ठेवतं.

कपाटातलं म्हातारपण

आता ती भलती गोष्ट. कधीमधी जाणाऱ्याचं जॅकेट बहुधा डोंगरात मरत नाही, कपाटात मरतं.

पॉलियुरेथेनचा लेप हवेतली ओल आणि उष्णता यांच्यामुळे हळूहळू तुटत जातो. पाण्याचे रेणू त्याच्या लांब साखळ्या तोडतात. या क्रियेला तुम्ही जॅकेट घालता की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. ओलसर जॅकेट छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलं तर तीन-चार वर्षांत उलटीसारखा आंबट वास येऊ लागतो, आतलं अंग चिकट होतं, मग लेपाचे पोपडे सोलून निघतात. अंगठा दाबून आतल्या बाजूवर घासा. चिकटपणा लागला किंवा भुकटी सुटली तर लेप संपत आलाय, आणि तो परत आणायचा कोणताही मार्ग नाही. धुऊन, फवारून काही होत नाही. कोरडं करून, हँगरवर मोकळं टांगून, थंड आणि काळोख्या जागी ठेवलं तर आयुष्य बरंच वाढतं.

महाग जॅकेट इथे सरस आहे का? काही प्रमाणात, हो. ताणलेलं पीटीएफई स्वतः ओलीला अजिबात दाद देत नाही. पण त्याच्यावरही बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा अतिपातळ थर असतो, अंगाच्या तेलापासून वाचवण्यासाठी, आणि शिवणींच्या पट्ट्या तर गोंदावरच टिकलेल्या असतात. सर्वांत आधी पट्ट्यांच्या कडा सुटतात, बहुधा मानेमागे. म्हणजे महागड्याचं म्हातारपण उशिरा येतं, टळत नाही.

हेच बुटांच्या बाबतीत जास्त ठळकपणे दिसतं आणि तिथे महागपणा उलटतो. भारी चामड्याच्या बुटांत तळव्याचा मधला मऊ थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, कारण तो वर्षानुवर्षं दबत नाही. पण आठ-दहा वर्षं बूट कपाटात पडून राहिले तर तो आतून ठिसूळ होतो, बाहेरून चामडं मात्र नव्यासारखं दिसतं. मग मधल्या वाटेवर सोल सगळाच्या सगळा गळून हातात येतो. स्वस्त, हलक्या बुटांत तो थर बहुधा ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचा असतो. ईव्हीए वापरून दबतो, पण ओलीने असा कुजत नाही. वर्षातून पाच वेळा चालणाऱ्याला दबण्याचा त्रास होतच नाही. म्हणून कधीमधी जाणाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या टिकतील म्हणून भारी बूट घेऊन ठेवणं मला शहाणपणाचं वाटत नाही. जुने बूट पुन्हा काढणार असाल तर मधल्या थरात नख दाबून बघा, बूट वाकवून भेगा शोधा, आणि निघण्याच्या आठवडाभर आधी ते घालून घराजवळच तासभर चाला.

एक हिशेब करून बघू

समजा एक माणूस वर्षातून सहा वेळा डोंगरात जातो आणि त्यातल्या तीनदा पाऊस लागतो. चढ मध्यम, पाऊस उबदार, आणि कुठूनही दीड-दोन तासांत गाडीपाशी किंवा वस्तीत पोचता येतं. स्वस्त जॅकेटची किंमत १ धरू, महागड्याची ५.

स्वस्त जॅकेट नीट टांगून ठेवलं तर पाच वर्षं निघतील असं धरू. पावसातले दिवस होतात पंधरा. महागड्याला एका दिवसाच्या खर्चात त्याची बरोबरी करायची तर पंचवीस वर्षं टिकावं लागेल. शिवणींच्या पट्ट्या इतकी वर्षं धरतील यावर मी पैज लावणार नाही. शिवाय पाऊस उबदार, म्हणजे घामाच्या बाबतीतला फायदाही अर्धामुर्धाच. या माणसाने सगळ्या शिवणींना पट्टी आणि बगलेला चेन असलेलं स्वस्त किंवा मध्यम जॅकेट घ्यावं, आणि उरलेल्या पैशांत आतले लवकर वाळणारे दोन शर्ट आणि सॅकच्या आत घालायची जाड प्लास्टिकची पिशवी घ्यावी. सामान कोरडं राहण्यात त्याला जास्त सुख मिळेल.

आता हाच माणूस वर्षाला पन्नास दिवस पावसात चालतो असं धरा. तो स्वस्त जॅकेटचे खांदे सॅकखाली एक-दीड वर्षात घासून टाकेल. पाच स्वस्त जॅकेटं म्हणजे सहा-सात वर्षं. महागडं तीन थरांचं जॅकेट, मधूनमधून धुतलं तर, तेवढं चालणं शक्य आहे, आणि दर वेळी कमी घामट चालण्याचं सुख वरचं. इथे मित्राचा 'एकदाच घे' हा सल्ला बरोबर ठरतो.

तिसरी शक्यता दिवसांच्या हिशेबात बसत नाही. तोच वर्षातून सहा दिवस जाणारा माणूस एकदाच, पण आठवडाभर, उंच थंड प्रदेशात निघालाय. पाऊस ५ अंशांत, वारा, निवारा दिवसभराच्या अंतरावर. ओल, वारा आणि थकवा एकत्र आले की अंगाची ऊब झपाट्याने जाते, आणि ही अवस्था गोठणबिंदूच्या वरच्या तापमानातही जिवावर बेतते. इथे फाटलेली चेन किंवा मागे उडणारी टोपी ही नुसती गैरसोय राहत नाही. फ्रॉग टॉग्जसारखं न विणलेल्या पॉलिप्रॉपिलिनचं अतिस्वस्त जॅकेट हलकं असतं, वाफही बरी जाऊ देतं, आणि लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांत त्याचे चाहते आहेत. पण काट्यात अडकलं की टरकतं. मोकळ्या वाटेवर ते चालेल, झुडपांतून आणि खडकांतून जाणाऱ्या थंड प्रदेशात नेऊ नये. इथे मजबूत कापडाचं, तीन थरांचं, चांगल्या टोपीचं जॅकेट हवंच.

हवंच म्हणजे विकतच घ्यायला हवं असं मात्र नाही. एका आठवड्यासाठी भाड्याने घ्या, मित्राचं मागून न्या, किंवा प्रसिद्ध नाव नसलेलं तीन थरांचं जॅकेट शोधा. मागच्या हंगामाचा रंग बहुतेक वेळा बराच उतरवून विकतात, आणि कापड तेच असतं. वापरलेलं महाग जॅकेट घेणार असाल तर चमकणाऱ्या वरच्या बाजूकडे बघू नका, तो मुलामा विकणारा आदल्या दिवशीही फवारू शकतो. जॅकेट उलटं करा. मानेमागच्या आणि टोपीच्या पट्टीची कड नखाने हळूच उचलून बघा. सुटत असेल तर बाकीच्या पट्ट्याही त्याच वयाच्या आहेत. खांद्याच्या भागावर अस्तर बुडबुड्यांसारखं फुगलेलं दिसलं तर आतले थर एकमेकांपासून सुटलेत, ते दुरुस्त होत नाही. नाक लावून वास घ्या, आणि अंगठा घासून बघा. हे सगळं ठीक असेल आणि नुसतंच मळलेलं असेल, तर घासाघीस करून किंमत पाडा आणि घरी नेऊन धुवा.